शेवटच्या बिलासोबतचं पत्र

चार वर्षं मी एका पतसंस्थेच्या त्रैमासिकाची पानं लावत होते. मार्चच्या अंकानंतर संस्थेने कार्यालयातच माणूस नेमला आणि माझं काम थांबलं. याआधी असंच एक काम संपलं, तेव्हा मी दुसऱ्या ग्राहकाला ‘धन्यवाद, पुन्हा भेटूच’ एवढंच लिहून मोकळी झाले होते. दोन महिन्यांनी तिकडून फोन आला: फाइल उघडते, पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होता आणि नव्या माणसाकडे तो फॉन्ट नव्हता. हे मी निघतानाच सांगायला हवं होतं. तिथून पुन्हा काम आलं नाही.

म्हणून या वेळी निरोपाच्या पत्रात आभाराच्या दोन ओळींनंतर लगेच हवाली केलेल्या गोष्टी लिहिल्या. सोळा अंकांच्या मूळ फाइली, छायाचित्रं आणि छपाईच्या पीडीएफ कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, ते सांगितलं. मथळ्यांचा फॉन्ट माझ्या परवान्यावरचा असल्याने तो देता येत नाही. त्याचं नाव व आवृत्ती कळवली. मजकुराचा ‘मुक्ता’ कोणालाही मोफत मिळतो, हेही लिहिलं. नव्या सहकाऱ्याच्या शंकांना ३० एप्रिलपर्यंत फोनवर उत्तर देईन, त्यानंतर तासाचा दर लागेल, असं स्पष्ट केलं. ही मुदत घातली नाही, तर फुकटची कामं वर्षभर येत राहतात आणि संबंध कुरकुरीत संपतात.

मग हिशेब. शेवटचं बिल २४,००० रुपयांचं होतं. दहा टक्के टीडीएस, म्हणजे २,४०० रुपये कापून २१,६०० रुपये हाती येणार. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं टीडीएस प्रमाणपत्र जूनच्या मध्यापर्यंत मिळायचं असतं. तोवर आपला हिशेब विभागाशी रोजचा संबंध उरत नाही, म्हणून ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, हे पत्रातच लिहिलं.

शेवटी पुढच्या कामाचं. ‘काही काम असल्यास कळवा’ हे वाक्य वाचून कुणी काही कळवत नाही, कारण त्यात ना काम असतं ना तारीख. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. म्हणजे अहवालाची पानं ऑगस्टमध्ये लागणार आणि सप्टेंबरचा अंकही त्याच दिवसांत येणार. म्हणून मी लिहिलं:

‘अहवाल आणि अंक एकाच वेळी आले, तर एकट्या माणसाची ओढाताण होईल. तेव्हा मदत हवी असल्यास २० जुलैपर्यंत सांगा. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे मी तोपर्यंत मोकळे ठेवते. मानधन तेव्हा ठरवू.’

१८ जुलैला संपादकांचा फोन आला. अहवाल ६४ पानांचा होता.