स्क्रू सहाच, पण यादीत ओळी दोन

मुंबई आयआयटीच्या ‘सोलर ऊर्जा लॅम्प’ प्रकल्पात २०१४पासून गावोगावच्या लोकांनीच सुटे भाग जोडून अभ्यासाचे दिवे तयार केले. तसाच दिवा मुलांकडून जोडून घ्यायचा म्हणून कर्जतच्या भिसेगावात घरी बसून ४० संच भरायचे आहेत असं धरू. कार्यशाळा माथेरानच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत. तिथे एक स्क्रू कमी पडला तर तो आणायला कर्जतच्या बाजारापर्यंत खाली यावं लागतं.

गैरसमज : भागांची नावं आणि नग लिहिले की यादी झाली.

समजा, आपल्या दिव्याला सहा स्क्रू लागतात. डबी बंद करायला ३ मिमी जाडीचे, १० मिमी लांबीचे चार, आणि सर्किटची पट्टी बसवायला ६ मिमीचे दोन. यादीत ‘स्क्रू – ६’ एवढंच लिहिलं तर पुडीत सगळे १० मिमीचे जाऊ शकतात. नग बरोबर, तरी संच चुकीचा. पट्टीच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो आरपार जाऊन मागच्या लिथियम बॅटरीत घुसू शकतो, आणि त्याने आग लागू शकते. म्हणून ओळी दोन हव्यात, प्रत्येकीत लांबी आणि तो कुठे बसतो ते. वायरचंही तसंच. लाल १५ सेमी एक, काळी १५ सेमी एक. म्हणजे ४० संचांना प्रत्येक रंगाची ६ मीटर, शिवाय कापताना वाया जाईल ती वेगळी.

गैरसमज : भरलेली पिशवी वजनकाट्यावर ठेवली की कमी-जास्त कळतं.

असा स्क्रू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातला काटा बहुधा एका ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. त्यातून एका सोलर पॅनेलचं वजन दुसऱ्यापेक्षा काही ग्रॅमनी सहज वेगळं भरतं, त्यात स्क्रूची उणीव दिसतच नाही. मी तरी वजनावर विसंबणार नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्याला चार भोकं पाडावीत, प्रत्येकात एक स्क्रू उभा करावा आणि भोक रिकामं नाही हे पाहूनच पुडीत ओतावेत. दोन भोकांचा पुठ्ठा वेगळा.

गैरसमज : शेवटी चार-पाच स्क्रू उरले, बरंच झालं.

हा सर्वांत घातक. ४० संचांना लांब स्क्रू १६० लागतात. जादाचे २० घ्यावेतच, पण ते आधीच वेगळ्या पुडीत बंद करावेत आणि कार्यशाळेत बरोबर न्यावेत. टेबलावर मोजून १६०च ठेवावेत. मग भरून झाल्यावर एक जरी उरला, तरी कुठल्यातरी पिशवीत तेवढा कमी गेलाय हे नक्की. सगळे एकाच ढिगात असतील तर हा इशारा मिळतच नाही. तो मिळाला की पिशव्यांना सील लावण्याआधी चाळीसही पुड्या पुन्हा भोकांच्या पुठ्ठ्यावर उभ्या करून पाहाव्या लागतात.