डिस्चार्ज कार्ड फॅमिली डॉक्टरसाठी लिहा

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. त्यांतले काहीजण आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी थांबतात आणि पिशवीतून घडी पडलेले डिस्चार्ज कार्ड काढून पुढे करतात. समोरच्या डॉक्टरने त्यांना पूर्वी कधी पाहिलेले नसते. त्याच्यापाशी तेवढा एक कागद असतो. गावच्या फॅमिली डॉक्टरचीही परिस्थिती फारशी वेगळी नसते. आपल्या समाजातली बरीच मुले-मुली आज इंटर्न आणि निवासी डॉक्टर आहेत आणि हे कार्ड बहुधा त्यांच्याच हातून लिहिले जाते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, पण रुग्णाच्या घरच्यांनीही वाचावा.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि पाचव्या दिवशी त्या घरी निघाल्या. कार्डावर पहिली ओळ सहसा अशी असते: ‘सीएडी, एडब्ल्यूएमआय, पीटीसीए टू एलएडी’. वॉर्डात हे सगळ्यांना कळते. पण तालुक्याच्या डॉक्टरला हवे असते ते असे: ‘हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका, १२ मार्च. हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के. जुना आजार: रक्तदाब.’ आजार पूर्ण शब्दांत लिहावा आणि आताचा मुख्य आजार आधी, जुने नंतर.

त्याखाली प्रक्रिया. ‘१२ मार्चला डाव्या पुढच्या धमनीत औषधयुक्त स्टेंट, एक.’ इथे तारीख सर्वांत मोलाची, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशेब तिच्यापासून चालतो. घरी जातानाचा रक्तदाब १००/६० आणि क्रिएटिनिन १.१ हेही इथेच लिहावे. मधल्या चार दिवसांचे सगळे रिपोर्ट उतरवण्याची गरज नाही.

खरा गोंधळ होतो तो औषधांत. नुसती आठ गोळ्यांची यादी दिली, तर फॅमिली डॉक्टरला त्यातली नवी कोणती, जुनी कोणती आणि कोणती बंद केली हे समजत नाही. बाई घरच्या डब्यातल्या जुन्या गोळ्याही चालू ठेवतात. म्हणून यादीचे तीन भाग करावेत: नवीन, बदललेली आणि बंद केलेली, प्रत्येकापुढे कारण.

या बाईंची नवीन औषधे अशी लिहिता येतील. ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ., रोज एक, कायम. क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ., रोज एक, पुढच्या वर्षी ११ मार्चपर्यंत. ‘एक वर्ष’ एवढेच लिहिले तर ते कधीपासून, हा प्रश्न उरतो. खाली एक ओळ: ‘दात काढायचा असला तरी या दोन गोळ्या आम्हाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.’ पित्तासाठी पँटोप्राझोल दिले असेल तर तेही कारणासह लिहावे, कारण ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो आणि पुढे कोणी सहज ते बदलून देतो. ॲटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल २.५ मिग्रॅ. याच भागात.

बदललेले काही नाही, तर ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे. बंद केलेली दोन: ॲम्लोडिपिन, कारण नव्या औषधांनी रक्तदाब आधीच कमी आहे, आणि गुडघ्यासाठी घेत असलेले डायक्लोफेनॅक, कारण ते हृदयाला व मूत्रपिंडाला धोक्याचे आणि रक्तस्रावही वाढवते. हे लिहिले नाही, तर गुडघा दुखताच मेडिकलवाला तीच गोळी पुन्हा देतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, हेही लिहून टाकावे.

औषधांची नावे मूळ लिहावीत, कंपनीची नव्हे. ॲस्पिरिन आणि ॲटोर्वास्टॅटिन एकत्र असलेली गोळीही मिळते. कार्डावर तिचे फक्त ब्रँडनाव असेल, तर गावात दुसरा ब्रँड सुटा लिहून दिला जातो आणि बाई एकच औषध दोनदा घेतात.

शेवटी पुढची भेट. ‘ओपीडीत दाखवा’ या शब्दांनी कोणाला काय करायचे ते कळत नाही. कोणी, काय, कधी आणि अमुक आढळल्यास काय, असे लिहावे. ‘फॅमिली डॉक्टरांनी १० दिवसांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे, रॅमिप्रिल नवीन आहे. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले किंवा क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून अधिक वाढले, तर रॅमिप्रिल थांबवून आम्हाला फोन करावा.’ आता लक्षात येईल की घरी जातानाचे १.१ का लिहिले: तो आकडा नसेल तर वाढ मोजायची कशावरून? इको तीन महिन्यांनी, तो आमच्याकडे. एखादा रिपोर्ट यायचा असेल तर त्याचे नाव आणि तो कोण पाहणार, तेही लिहावे.

फोन नंबर वॉर्डाचा द्यावा. युनिटमधल्या निवासी डॉक्टरची बदली होते आणि सहा महिन्यांनी तो नंबर उचलणारा दुसऱ्याच विभागात असतो. घरच्यांनी कार्डाची झेरॉक्स फॅमिली डॉक्टरकडे ठेवावी आणि डब्यातल्या सगळ्या गोळ्या पहिल्याच भेटीत सोबत न्याव्यात.