दहाचा डोस थांबवा

आमच्या एनआयसीयूत सकाळी आठला पाळी बदलते. रात्रभर जागलेली रेसिडेंट डॉक्टर प्रत्येक बाळामागे एक कागद सकाळच्या टीमच्या हातात ठेवते. त्यांतलाच एक इथे देतो. बाळाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण आकडे एकमेकांशी जुळतील असेच ठेवले आहेत.

“वॉर्मर ४. ३० आठवड्यांचं, जन्म मागच्या रविवारी, आज मंगळवार, नववा दिवस. जन्मवजन १२४० ग्रॅम. आज पहाटेचं वजन १२९०, सूज आहे. सर्व डोस १२४० वरच. अमिकासिन १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १८.६ मिग्रॅ. पहिला डोस सोमवारी सकाळी १०. पीक २८. मेरोपेनेम २० मिग्रॅ प्रति किलो, २५ मिग्रॅ दर १२ तासांनी. आज ९ ला वेळेवर द्या. लघवी रात्री कमी. अमिकासिनची ट्रफ लेव्हल आज ९.३० ला, टाचेतून. लेव्हल येईपर्यंत १० चा डोस थांबवा. ५ पर्यंत आली तर लगेच द्या. ५ ते ८ असेल तर रात्री १० ला. ८ च्या वर असेल तर मॅडमना फोन.”

सोमवारी सकाळी हे बाळ मधूनमधून श्वास घ्यायचं विसरू लागलं होतं. कातडी ठिपकेदार झाली, प्लेटलेट उतरल्या. रक्ताचं कल्चर पाठवून दोन्ही अँटिबायोटिक्स सुरू केली. मंगळवारी पहाटे तीनला लॅबचा फोन आला की बाटलीत ग्रॅम निगेटिव्ह जंतू वाढत आहेत. आपल्याकडच्या एनआयसीयूंमध्ये हेच जास्त आढळतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हेच जंतू आघाडीवर होते. म्हणजे जंतुसंसर्ग खरा, औषध हवंच, आणि तरी ही रेसिडेंट मुलगी लिहिते की दहाचा डोस थांबवा. का, ते समजायला आधी वजनापासून सुरुवात करावी लागेल.

जन्मल्यावर पहिले काही दिवस प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. म्हणून जन्मवजन परत गाठेपर्यंत डोस जन्मवजनावर काढायचा आणि ते गाठल्यावर रोजच्या वजनावर, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. हे बाळ पाचव्या दिवशी ११२० पर्यंत उतरलं, सोमवारी ११८० वर होतं आणि मंगळवारी पहाटे एकदम १२९०. नियम अक्षरशः लावला तर जन्मवजन ओलांडलं, आता डोस १२९० वर काढा. पण एवढ्या लहान बाळाचं वजन चांगलं दूध पचत असताना दिवसाला वीसेक ग्रॅम वाढतं. चोवीस तासांत ११० ग्रॅम ही वाढ नव्हे, ते पाणी आहे. सोमवारी रक्तदाब सांभाळायला दिलेलं सलाईन आणि न झालेली लघवी कातडीखाली साठलेली. पापण्या फुगलेल्या, नडगीवर बोट दाबलं की खळगा राहतो. वर हाताला बांधलेली पट्टी आणि सीपॅपची टोपी यांचंही वजन त्या आकड्यात शिरतं, ते वेगळंच.

आता जरा हिशेब करा. १२४० वर डोस येतो १८.६ मिग्रॅ, १२९० वर १९.४. फरक पाऊण मिलिग्रॅमचा, शेकड्याला चार. एवढ्यानं बाळाचं काही बिघडत नाही. तरी वजन ठळक लिहायचं ते याचसाठी, की पुढच्या माणसाला तोच हिशेब पुन्हा करून पडताळता यावा. नुसतं “१८.६ मिग्रॅ” लिहिलं तर ते बरोबर की चूक हे कुणाला ताडून पाहता येत नाही. राउंडला आम्ही वजनावरून दहा-दहा मिनिटं वाद घालतो, पण माझ्या मते खरा धोका वजनात नसतो. तो व्हायलमध्ये असतो आणि घड्याळात असतो.

अमिकासिनची व्हायल २ मिलीची. पण त्याच २ मिलीत १०० मिग्रॅही असतात, २५० ही आणि ५०० ही. म्हणून “०.३७ मिली द्या” असं लिहिणं आमच्याकडे चालत नाही, त्याच ०.३७ मिलीत १८ मिग्रॅ असेल, ४६ असेल किंवा ९२ सुद्धा. सिस्टर १०० मिग्रॅची व्हायल घेतात आणि त्यात १८ मिली सलाईन घालून एकूण २० मिली करतात. मग प्रत्येक मिलीत ५ मिग्रॅ. बाळासाठी ३.७ मिली सिरिंज पंपावर, अर्ध्या तासात. दुसऱ्या सिस्टर व्हायलवरचा आकडा मोठ्यानं वाचून सही करतात, तोवर पंप सुरू होत नाही.

आता घड्याळ. अमिकासिन जंतूंना मारतं ते वरच्या टोकाला. डोस संपल्यावर अर्ध्या तासानं रक्तात २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली पाहिजे. याला आम्ही पीक म्हणतो. या बाळाचं पीक २८ आलं होतं, म्हणजे डोसचा आकडा बरोबर होता. पण हेच औषध मूत्रपिंडाला आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा करतं, आणि ती भीती वाढते ते औषध फार वेळ न उतरता राहिलं की. म्हणून पुढच्या डोसच्या आधी ते ५ च्या खाली आलेलं हवं. ही ट्रफ. औषध बाहेर पडण्याची वाट एकच, लघवी.

दोन डोसांत किती तासांचं अंतर ठेवायचं हे छापील तक्ता सांगतो: गर्भाचे आठवडे अधिक जन्मानंतरचे दिवस. त्या तक्त्यात या वयोगटात सातव्या दिवसापर्यंत ३६ तास आणि आठव्यापासून २४ तास. सोमवारी बाळ नेमकं आठव्या दिवसात होतं, म्हणून २४. तक्ता चुकीचा नाही. पण बाळाच्या मूत्रपिंडाला तो वाचता येत नाही. आजारी पडलं की ते मागच्या आठवड्यासारखं वागू लागतं.

हे रात्रीच्या डॉक्टरला कळलं ते लंगोटांवरून. कोरडा लंगोट तोलायचा, ओला तोलायचा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. रात्री बारा ते सकाळी आठ मिळून ८ मिली. सव्वा किलोच्या बाळाला तासाला किलोमागे ०.८, आणि आम्हाला निदान १ तरी हवी असते. क्रिएटिनिन ०.९ वरून १.२ वर गेलं होतं. लॅबच्या कागदावर १.२ पुढे काही खूण नसते, कारण तिथली मर्यादा मोठ्या माणसाची. या वयात तो आकडा रोज थोडा उतरत जायला हवा. चढला, एवढंच पुरे.

सकाळी नऊला मेरोपेनेम गेलं. त्याची लेव्हल करावी लागत नाही, आणि संसर्गाशी लढायला ते रक्तात होतंच. अमिकासिन काही तास थांबवण्याची हिंमत त्या जोरावर. पाठीतलं पाणी मात्र अजून तपासलं नव्हतं, प्लेटलेट कमी म्हणून. त्यात मेंदूज्वर निघाला तर मेरोपेनेम ४० मिग्रॅ प्रति किलो दर ८ तासांनी होणार.

साडेनऊला नमुना. औषध ज्या लाइनमधून गेलं तिथूनच रक्त काढलं तर नळीत चिकटलेलं औषध त्यात येतं आणि लेव्हल भलतीच चढते. ६० किंवा ९० अशी ट्रफ आली तर मी आधी विचारतो की नमुना कुठून घेतला. म्हणून टाच. अर्धा मिली रक्त, तेही क्रिएटिनिनच्या नमुन्यासोबत एकाच टोचण्यात. या बाळाच्या अंगात एकूण रक्त शंभर मिलीच्या आसपास. त्याचा अर्धा मिली म्हणजे तुमच्याआमच्या अंगातून पंचवीस मिली. नळीवर “ट्रफ” एवढंच लिहून भागत नाही. मागचा डोस किती वाजता सुरू झाला आणि नमुना किती वाजता घेतला, या दोन वेळा नसतील तर आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

दहाला सिस्टरनी विचारलंच, “मॅडम, अमिकासिन भरू का?” सकाळच्या डॉक्टरनं कागद दाखवला. “थांबा सिस्टर, लेव्हल येऊ दे. तक्त्यावर दहाच्या पुढे ‘थांबवला’ लिहा, सही मी करते.” चौकोन रिकामा ठेवला तर दुपारच्या पाळीला वाटतं की डोस चुकला, आणि कुणीतरी भल्या मनानं तो देऊन टाकतं.

एक वाजता लेव्हल आली: ७. कालचं २८, साधारण बारा तासांनी १४, आणखी बारा तासांनी ७. म्हणजे औषध निम्मं व्हायला बारा तास लागत होते, आणि रात्री दहापर्यंत ते साडेतीनवर येणार होतं. डोस कमी करायचा नाही, कारण पीक उत्तम होतं. अंतर वाढवायचं. अमिकासिन दर ३६ तासांनी.

आणि नेमकं हेच ‘दर ३६ तासांनी’ वॉर्डात सर्वांत जास्त घोटाळा करतं. एक डोस रात्री, पुढचा सकाळी, मधला अख्खा दिवस कोरा. औषधांचा तक्ता रोजच्या चौकोनांचा असतो, हात सवयीनं रोज दहाला व्हायलकडे जातो. म्हणून संध्याकाळी लिहिलेल्या नव्या कागदावर तास नव्हते, वार होते: मंगळवार रात्री १०, गुरुवार सकाळी १०. बुधवारी अमिकासिन नाही. गुरुवारी ९.३० ला पुन्हा ट्रफ. लघवी सुधारली तर लेव्हल पाहून अंतर परत २४. क्रिएटिनिन आणखी चढलं किंवा कल्चरच्या अहवालात मेरोपेनेम एकटं पुरेसं दिसलं, तर अमिकासिन बंद.

बाळाच्या लघवीनं बुधवारी वेग घेतला आणि सूज उतरली. त्याबरोबर वजनही १२२० वर आलं, आणि आईला ते वजन घटल्याचं वाटून रडू आलं. तिला समजावायला सिस्टरांना बराच वेळ द्यावा लागला.

या लेखाच्या वाचकांत अशा बाळांचे आईबाप असतील, त्यांच्यासाठी एक सांगतो. बाळाला अमिकासिन किंवा जेंटामायसिन पाच दिवसांपेक्षा जास्त दिलं गेलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर तसं लिहून घ्या, आणि कानाची तपासणी करताना बेरा झाली का, हे आवर्जून विचारा. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला कानात छोटा प्रोब घालून केलेली साधी ओएई तपासणी पुरत नाही.