एकतीस मार्चचा शेवटचा ट्रक

३१ मार्चला कारखान्याच्या गेटमधून शेवटचा ट्रक कधी बाहेर पडला आणि त्यातल्या मालाचे बिल कोणत्या तारखेचे आहे? ऑडिटर हे दोन प्रश्न अनेक दशके जोडीनेच विचारत आले आहेत. माल पाठवल्याच्या नोंदी आणि बिलांच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि विक्री चुकीच्या वर्षात गेली आहे का ते पाहायचे, या तपासणीला ऑडिटमध्ये कट-ऑफ म्हणतात. गेल्या तीस वर्षांत प्रश्न तसाच राहिला, पण उत्तर देणारे कागद तीन-चारदा पार बदलले. त्या प्रत्येक बदलाने तपासणीला काहीतरी दिले आणि काहीतरी तिच्याकडून काढूनही घेतले.

अबकारी कराच्या जुन्या व्यवस्थेत माल कारखान्याबाहेर काढायला गेट पास लागे. विक्रीचे बिल हा वेगळा कागद होता आणि तो बहुधा वेगळ्याच टेबलावर तयार होई. ऑडिटरच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट होती. मार्चचे शेवटचे गेट पास आणि एप्रिलचे पहिले गेट पास घ्यायचे, क्रमांकाने लावायचे आणि प्रत्येकाचे बिल कोणत्या तारखेला फाटले ते बघायचे. गेट पास एप्रिलचा आणि बिल मार्चचे असेल, तर विक्री एक वर्ष आधी धरली गेली. उलट असेल, तर मार्चची विक्री वहीत यायची राहिली.

१ एप्रिल १९९४ पासून गेट पास गेला. बिलच माल काढण्याचा अधिकृत कागद ठरले आणि त्यावर माल बाहेर काढल्याची तारीख व वेळ लिहिणे सक्तीचे झाले. वरवर पाहता कट-ऑफचे काम सोपे झाले, कारण दोन्ही तारखा एकाच कागदावर आल्या. तोटा असा झाला की दोन साक्षीदारांचा एकच साक्षीदार उरला. बिलावरची तारीख आणि ‘माल काढल्याची वेळ’ लिहिणारा हात एकच असेल, तर एकाने दुसऱ्याला दुजोरा देण्यात काही अर्थ राहत नाही.

म्हणून त्या काळापासून अनुभवी ऑडिटरांची भिस्त वॉचमनच्या केबिनमधल्या आउटवर्ड रजिस्टरवर राहिली. ते रजिस्टर हाताने लिहिलेले, पाने क्रमांक घातलेली, ट्रकचा नंबर, चालकाची सही, बाहेर पडल्याची वेळ. लेखा विभागाचा त्याच्याशी संबंध नसतो. शिवाय ते ओळीने भरले जाते. रात्री नऊच्या आणि सव्वानऊच्या नोंदींच्या मध्ये दोन दिवसांनी तिसरा ट्रक घुसवता येत नाही. घुसवला तर अक्षर आणि शाई बोलते. वजनकाटा असलेल्या कारखान्यात काट्याची पावती हा त्याला जोड देणारा आणखी एक पुरावा.

बिलाच्या तारखेवर एकट्याने विसंबणे किती धोक्याचे, हे १९९९ साली अमेरिकेतल्या सिरेना ॲपरल या पोहण्याचे कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणाने दाखवले. तिथली तिमाही ३१ मार्चला संपत होती आणि विक्रीचे लक्ष्य गाठलेले नव्हते. वरिष्ठांनी तिमाही एप्रिलमध्येही उघडी ठेवली आणि बिले छापणाऱ्या संगणकाचे घड्याळच मागे फिरवायला लावले, म्हणजे एप्रिलमध्ये गेलेल्या मालाच्या बिलावर मार्चची तारीख उमटावी. बिलांशी जुळणारे खोटे डिस्पॅचचे कागदही बनवले. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने पुढे कारवाई केली. या प्रकरणाचा धडा तांत्रिक आहे: संगणकाने छापलेली तारीख म्हणजे त्या संगणकाच्या घड्याळाचे म्हणणे. आणि माल पाठवल्याचा कागदही कंपनीच्या आतच तयार होत असेल, तर तो बिलाशी जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

भारतात हे घड्याळ कंपनीच्या हातातून बऱ्याच अंशी सुटले ते जीएसटीनंतर. १ जुलै २०१७ ला नवा कर आला तेव्हा बिलावरची माल काढल्याची वेळ नाहीशी झाली. काही महिने ऑडिटरकडे पूर्वीपेक्षा कमीच माहिती होती. मग १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला आणि त्याच वर्षीच्या मे अखेरीस महाराष्ट्रातल्या वाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. त्याचे दोन भाग आहेत. पार्ट ए मध्ये बिलाचा तपशील आणि पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. कट-ऑफसाठी पार्ट ए जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तो माल गोदामात असतानाही भरता येतो. पार्ट बी भरला की ई-वे बिलाची मुदत सुरू होते, त्यामुळे गाडी खरोखर हाताशी आल्याशिवाय तो सहसा कोणी भरत नाही. नवशिके ऑडिटर ई-वे बिलाची वरची तारीख पाहून पान उलटतात. ज्या तारखेसाठी ते बिल उघडले ती खाली असते.

ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांसाठी ई-इन्व्हॉइस आले आणि ही मर्यादा उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींवर आली. आता बिलावर दोन तारखा असतात. एक कंपनीने टाकलेली बिलाची तारीख आणि दुसरी सरकारी पोर्टलने दिलेली पोचतारीख, जी डेटामध्ये `AckDt` या नावाने दिसते. बिल ३१ मार्चचे आणि `AckDt` ४ एप्रिलची, असे घडू शकते, कारण मागच्या तारखेचे बिल पोर्टल काही मुदतीपर्यंत स्वीकारते. म्हणून मार्चच्या शेवटच्या बिलांची यादी काढताना `AckDt` चा रकाना मागून घ्यावा. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. व्हाउचरवर मार्च लिहिले असले, तरी ते प्रत्यक्षात कधी टाइप झाले हे त्या नोंदीत सापडते.

या सगळ्याचा उपयोग कसा होतो, ते एका काल्पनिक पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणातून पाहू. चाकणमधला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, वर्षअखेर ३१ मार्च २०२४. त्या वर्षी शुक्रवारी गुड फ्रायडे आणि ३१ तारखेला रविवार होता, म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन दिवस सुट्टीचे किंवा अर्धवट कामाचे. ऑडिटरने शेवटची काही बिले आणि आउटवर्ड रजिस्टरची शेवटची पाने घेतली.

पहिले बिल १८ लाखांचे, तारीख ३१ मार्च, `AckDt` त्याच रात्रीची. पण पार्ट बी २ एप्रिलला भरलेला आणि रजिस्टरमध्ये ट्रक २ एप्रिलला सकाळी सव्वादहाला बाहेर पडलेला. ही एप्रिलची विक्री आहे आणि त्यावर वाद नाही.

दुसरे बिल अधिक विचार करायला लावणारे. २४ लाखांचे, ३० मार्चचे. पार्ट बी, रजिस्टर, ट्रान्सपोर्टची एलआर, सगळ्यांवर ३० मार्चच. चारही कागद जुळले म्हणून बहुतेक जण इथे बरोबरची खूण करतील. ऑडिटरने ऑर्डर वाचली, तर माल चेन्नईला ग्राहकाच्या दारात पोचवण्याच्या अटीवर विकलेला, वाटेत नुकसान झाले तर ते विकणाऱ्याचे. ग्राहकाचा पोचशिक्का ३ एप्रिलचा. १९८५ च्या एएस ९ मध्ये विचार जोखीम आणि लाभ कोणाकडे गेले याचा होता. मोठ्या कंपन्यांसाठी एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ मध्ये तो मालावरचा ताबा कोणाकडे गेला याचा आहे. दोन्ही कसोट्यांनी ही विक्री एप्रिलची ठरते. जीएसटी मात्र मार्चच्या विवरणपत्रातच भरावा लागतो, कारण करकायद्यात माल काढताना बिल द्यायचे असते. कर भरला म्हणजे उत्पन्न झाले, असा समज इथे सर्रास होतो आणि तो चुकीचा आहे.

तिसरी नोंद उलट्या दिशेने सापडली. रजिस्टरमध्ये ३१ मार्चला दुपारी चलानवर एक ट्रक गेलेला, माल कारखान्याच्या दारात ग्राहकाच्या गाडीत भरून दिलेला. बिल १ एप्रिलचे, ६ लाखांचे. बिलांकडून रजिस्टरकडे जाणारा ऑडिटर याला कधीच भेटणार नाही, कारण मार्चच्या बिलांच्या यादीत ते नाहीच. त्यासाठी रजिस्टरकडून बिलाकडे यावे लागते. चलान जॉबवर्कचे नसून विक्रीचेच आहे, एवढे पाहून घेतले की ही मार्चची विक्री.

१८ आणि २४ मिळून ४२ लाख कमी, ६ लाख जास्त. मार्चची विक्री ३६ लाखांनी फुगली होती.

नफा कितीने फुगला, हे मात्र मालसाठ्याच्या मोजणीवर ठरते आणि कट-ऑफ इथेच सर्वात जास्त चुकते. मालाचा खर्च विक्रीच्या ७५ टक्के धरू. १८ लाखांच्या बिलाचा माल ३१ मार्चला कारखान्यातच होता. मोजणी करणाऱ्यांनी तो बाजूला काढून मोजला नसेल, तर चूक फक्त साडेचार लाखांच्या नफ्याची. साडेतेरा लाखांचा माल साठ्यात परत घ्यायचा. पण मोजणीत तो धरला गेला असेल, तर तोच माल विकलेलाही आणि शिल्लकही, आणि नफा पूर्ण १८ लाखांनी चुकला. म्हणून मोजणीच्या वेळी हजर राहणारा ऑडिटर गेटवर जाऊन शेवटच्या आउटवर्ड नोंदीचा आणि शेवटच्या चलानाचा क्रमांक स्वतःच्या कागदावर उतरवून घेतो. ते काम दोन मिनिटांचे असते आणि नंतर कितीही कागद मागवले तरी त्याची जागा भरत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. राज्याबाहेर ५० हजारांपर्यंतच्या आणि महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे छोट्या पार्सलांचा ढीग त्या जाळ्यातून निसटतो. तिथे पुन्हा रजिस्टर आणि कुरिअरची पावती. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ट्रक खरोखर ३१ तारखेला बाहेर पडतो, पण जातो ट्रान्सपोर्टरच्या जवळच्याच गोदामात आणि ग्राहकाने माल मागितलेलाच नसतो. गेटच्या सगळ्या नोंदी खऱ्या असतात आणि विक्री खोटी. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने हिवाळ्यात ग्रिल ‘विकले’, तेव्हा बराच माल तिसऱ्याच्या गोदामात पडून होता आणि बिले मात्र झालेली होती. अशा वेळी मार्चचे कागद कितीही जुळवले तरी उपयोग नसतो.

तिथे एप्रिल आणि मेच्या वह्या उघडाव्या लागतात. क्रेडिट नोटा कोणत्या मार्चच्या बिलांवर निघाल्या, इनवर्ड रजिस्टरमध्ये तोच माल त्याच ट्रान्सपोर्टरच्या गाडीतून परत आला का, आणि मार्चअखेरच्या ज्या मोठ्या बिलांचे पैसे मुदत उलटून गेली तरी आले नाहीत, त्यांच्या पोचपावतीवर खरोखर ग्राहकाच्या स्टोअरचा शिक्का आहे की ट्रान्सपोर्टच्या कारकुनाची सही, हे एकेक करून पाहावे लागते.