आकाशातल्या कमानीला विचारलेले वर्गसमीकरण

४ˣ − ६·२ˣ + ८ = ०. या समीकरणात x थेट घातांकात जाऊन बसला आहे आणि तिथून तो सहजी खाली उतरत नाही. दोन्ही बाजूंचा लॉग घ्यावा म्हटलं, तर बेरीज-वजाबाकीचा लॉग सुटा करता येत नाही. बरं, पायेही दोन, ४ आणि २.

पण ४ हा २ चाच वर्ग. म्हणून ४ˣ म्हणजे (२ˣ)². एवढं दिसलं की २ˣ ला t म्हणायचं, आणि समोर उभं राहतं t² − ६t + ८ = ०. दहावीतलं, अवयव पाडून सुटणारं: t = २ किंवा t = ४. इथे थांबायचं मात्र नाही. बरेच जण नेमके इथेच पेन खाली ठेवतात, कारण वर्गसमीकरण सुटल्याचं समाधान मोठं असतं. आपल्याला हवा आहे x. २ˣ = २ म्हणून x = १, आणि २ˣ = ४ म्हणून x = २. ताळा घ्या: ४ − १२ + ८ आणि १६ − २४ + ८, दोन्ही शून्य.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ४ˣ च्या जोडीला ३ˣ आला की संपलं, कारण ३ आणि ४ यांत असं वर्गाचं नातं नाही. एक घात आणि त्याचाच वर्ग अशी जोडी हवी. वाटेल की अशी जोडी परीक्षेच्या पेपरातच मुद्दाम जुळवलेली सापडायची. पण अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट लुइस शहरात ती पोलादात उभी आहे.

गेटवे आर्च ही १९६५ साली पूर्ण झालेली कमान. एरो सारिनेन हे तिचे वास्तुरचनाकार. उंची ६३० फूट आणि पायथ्याशी रुंदीही ६३० फूट. दोन टोकांना धरलेली साखळी खाली झोळ घेते. तोच आकार उलटा केला तर कमानीचं वजन तिच्या अंगातूनच दाबाच्या रूपाने जमिनीत उतरतं. गेटवे आर्च त्या जातीची आहे, पण अगदी साध्या साखळीची नव्हे. तिचा छेद समभुज त्रिकोणाचा, आणि त्रिकोणाची बाजू पायथ्याशी ५४ फूट, तर माथ्यावर फक्त १७ फूट. खाली जड, वर हलकी, म्हणून वळणही साध्या साखळीपेक्षा जरा वेगळं. या त्रिकोणी छेदांच्या मध्यांतून जाणारी रेषा अशी आहे:

y = ६९३.८५९७ − ६८.७६७२ × (eᵘ + e⁻ᵘ)/२, जिथे u = ०.०१००३३३x

x म्हणजे मध्यापासून आडवं अंतर आणि y म्हणजे उंची, दोन्ही फुटांत. e म्हणजे २.७१८… ही नेहमीची संख्या. कंसातली जोडी पाहा: eᵘ आणि e⁻ᵘ. यात वर्ग कुठे आहे? वरवर पाहता कुठेच नाही. तो लपला आहे, आणि तो बाहेर काढण्याची क्रिया एका ओळीची आहे.

समजा, कमानीची मध्यरेषा बरोबर ३०० फूट उंचीवर कुठे असते, हे हवं आहे. y च्या जागी ३०० घातले आणि आवरून घेतलं, की उरतं eᵘ + e⁻ᵘ = ११.४५४९. आता eᵘ = t म्हणू. e⁻ᵘ आपोआप १/t होतो. म्हणजे t + १/t = ११.४५४९, आणि सगळीकडे t ने गुणलं की

t² − ११.४५४९t + १ = ०

वर्ग आला तो असा, मागच्या दाराने. सूत्र लावलं की t = ११.३६७ आणि t = ०.०८८. दोन्ही धन, दोन्ही चालतील. लॉग घेतले तर u = २.४३०७ आणि u = −२.४३०७. त्यांना ०.०१००३३३ ने भागलं की x = २४२.३ आणि x = −२४२.३. मध्यापासून उजवीकडे सुमारे २४२ फूट आणि डावीकडे तितकेच. कमानीचे दोन पाय!

मला इथे सर्वांत सुंदर वाटतो तो समीकरणाच्या शेवटी निमूट बसलेला १. वर्गसमीकरणात t² चा सहगुणक १ असला की मुळांचा गुणाकार म्हणजे शेवटचं पद. इथे तो नेहमी १, उंची कोणतीही विचारा. दोन संख्यांचा गुणाकार १ म्हणजे एक दुसरीची व्यस्त, आणि व्यस्त संख्यांचे लॉग समान पण विरुद्ध चिन्हाचे. कमान डावी-उजवी सारखी आहे ही गोष्ट त्या एका आकड्यात साठवलेली आहे. ११.३६७ आणि ०.०८८ या मुळांकडे नुसतं पाहून तिचा वाससुद्धा येत नाही.

आता उंची वाढवत नेऊ. ६२५.०९२५ फूट विचारले तर समीकरण होतं t² − २t + १ = ०. विवेचक शून्य, दोन्ही मुळं १, म्हणून x = ०. दोन पाय एका बिंदूत मिळाले, हा माथा. (६३० फूट ही बाहेरच्या कडेची उंची, आपली रेषा छेदाच्या मध्यांतून जाते, म्हणून ती थोडी खाली राहते.) ६५० फूट विचारले तर विवेचक ऋण आणि वास्तव मुळं नाहीत. तिथे कमान नाहीच, उत्तर रास्त आहे.

पण ८०० फूट विचारून पाहा. कमान तिथे तर त्याहून नाही. तरीही समीकरण येतं t² + ३.०८७t + १ = ०, आणि त्याचा विवेचक चक्क धन! मुळं दोन, दोन्ही वास्तव: −०.३६८ आणि −२.७१९. केवळ विवेचक पाहून निकाल देणारा इथे हमखास फसतो. वर्गसमीकरणाची तक्रार नाही, त्याने आपलं काम चोख केलं. अडचण t च्या जन्मात आहे. t म्हणजे eᵘ, आणि धन संख्येचा कोणताही वास्तव घात ऋण होत नाही. म्हणून eᵘ = −०.३६८ ला वास्तव उत्तर नाही, आणि दोन्ही मुळं बाद. ७६२.६ फुटांच्या वर सगळीकडे हेच. माथ्यापासून तिथपर्यंत विवेचक नकार देतो. त्यापुढे तो होकार देतो आणि नकार द्यावा लागतो t > ० या अटीला. म्हणून t मानताना शेजारी ही अट लिहून ठेवावी. नंतर लिहू म्हटलं की ती राहतेच.

खालच्या बाजूला मात्र अशी कोणतीही अट मदतीला येत नाही. जमिनीखाली १०० फूट, म्हणजे y = −१०० घातलं तर t = २३.०४५ हे सरळ, धन मूळ मिळतं, त्याची जोडीदार व्यस्त संख्याही, आणि x येतो सुमारे ३१२.७ फूट, दोन्ही बाजूंना. आकडेमोडीत खोट नाही. फक्त कमानीची मध्यरेषा दोन्हीकडे २९९.२ फुटांवर जमिनीला टेकते, आणि ही मर्यादा बीजगणिताला ठाऊक नाही. ती नकाशावरून वेगळी लिहून द्यावी लागते.