उंचीच्या काठीने औषधाची मात्रा

औंधच्या शाळेत जंतनाशक दिनी आल्बेंडाझोल देताना वजनाचा प्रश्न उद्भवत नाही. दोन वर्षांपुढील लहानथोर सर्व मुलांना 400 मिलिग्रॅमची एकच गोळी दिली जाते. परंतु कृमींवरील सर्वच औषधे अशी नाहीत. हत्तीरोगाचे कृमी नाहीसे करण्यासाठी 2019 साली नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची सामुदायिक मोहीम सुरू झाली. तींपैकी आयव्हरमेक्टिन या औषधाची मात्रा वजनावर अवलंबून असते. गावोगावी तराजू नेणे कठीण; म्हणून तेथे खुणा केलेली उंचीची काठी वापरतात.

मुलाची उंची वाढते तसे त्याचे वजनही साधारण ठराविक प्रमाणात वाढते, या अनुभवावर काठीवरील टप्पे आखलेले असतात. 3 मिलिग्रॅमची गोळी धरल्यास 90 ते 119 सेंटिमीटर उंचीला एक, 120 ते 140 ला दोन, 141 ते 158 ला तीन व त्याहून अधिक उंचीला चार गोळ्या देतात. 90 सेंटिमीटरहून ठेंगण्या किंवा पाच वर्षांखालील मुलांस, गरोदर स्त्रियांस व गंभीर आजाऱ्यांस हे औषध देत नाहीत.

चूक बहुधा टप्प्याच्या सीमेवर होते. समजा, एका मुलीची खरी उंची 118 सेंटिमीटर व वजन सुमारे 20 किलो आहे. पायांत वहाणा व डोक्यावर अंबाडा तसाच ठेवून मोजल्यास काठी 121 दाखवील आणि तिला दोन गोळ्या मिळतील. एका गोळीने दर किलोस 150 मायक्रोग्रॅम ही योग्य मात्रा पडते. दोन गोळ्यांनी ती दुप्पट होते. याउलट गुडघे वाकवून उभ्या राहिलेल्या मुलास मात्रा कमी पडते.

म्हणून काठी सपाट जमिनीवर, शून्याची खूण तळाशी येईल अशी सरळ उभी करावी. मुलाने अनवाणी, टाचा काठीस लावून, समोर पाहत उभे राहावे. केस दाबून डोक्यावर आडवी पट्टी टेकवावी व खूण डोळ्यांच्या पातळीवरून वाचावी. सीमेजवळच्या मुलास पुन्हा मोजावे.

काठीला मुलाचा कृशपणा किंवा स्थूलपणा कळत नाही. आयव्हरमेक्टिनची मात्रा थोडी कमीअधिक झाली तरी सहसा अपाय होत नाही, म्हणूनच ही रीत चालते. मात्र एका औषधाची काठी दुसऱ्यास वापरू नये. प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाच्या काठीवर 120 सेंटिमीटरच्या मुलास 600 मिलिग्रॅमच्या दीड गोळ्या दाखविलेल्या असतात. तिचे टप्पेही निराळे आहेत. यास्तव मोजण्यापूर्वी काठीवरील औषधाचे नाव व गोळीची शक्ती हाती असलेल्या वेष्टनाशी ताडून पाहावी.