पैसे कापले, ऑर्डर अडकली

संकेतस्थळावरून ४५० रुपयांचे पुस्तक मागवले, यूपीआय पिन टाकला, खात्यातून पैसे वजा झाले. पण दुकानाच्या पानावर ‘पेमेंट पेंडिंग’ असेच दिसते आहे. बँकेने पैसे कापले, मात्र तिचे उत्तर वाटेत रखडले. ते अखेर कधी आले, हे दुकानाच्या संगणकाला कळण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे पुन्हा पुन्हा विचारणे. दर दहा सेकंदांनी विचारणा केली आणि उत्तर विसाव्या मिनिटाला आले, तर १२० पैकी ११९ विचारणा वाया गेल्या. एका ऑर्डरीला हे चालून जाईल, पण लाखो व्यवहारांना नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास विस्कळीत झाले. काही बँकांनी व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर लोटल्यामुळे हे घडले, असे चौकशीत दिसून आले. त्यानंतर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने बँकांना मर्यादा घातली: पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन.

दुसरा मार्ग वेबहुकचा. यात दुकानदार पेमेंट गेटवेला आपल्या सर्व्हरचा एक पत्ता देऊन ठेवतो. पैशांचा निकाल लागला की गेटवे स्वतःच त्या पत्त्यावर संदेश धाडतो. रेझरपेच्या अशा संदेशात `payment.captured` आले, की पुस्तक पाठवायला हरकत नाही.

पण संदेश आला म्हणून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पत्ता हाती लागलेला कुणीही खोटा संदेश पाठवू शकतो. म्हणून गेटवे आणि दुकानदार या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने संदेशावर एक सांकेतिक सही केलेली असते. ती पडताळून जुळली, तरच पुढे जायचे. शिवाय दुकानाच्या सर्व्हरने पाच सेकंदांत पोच दिली नाही, तर रेझरपे तोच संदेश २४ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवते. पोच उशिरा गेली, तर एकच संदेश दोनदा येतो. त्याचा क्रमांक नोंदवला नसेल, तर एका पैशात दोन पुस्तके रवाना होतील.

सर्व्हर त्याहून जास्त काळ बंद राहिला, तर मात्र संदेश कायमचा हुकू शकतो. म्हणून जाणते प्रोग्रामर मुख्य भिस्त वेबहुकवर ठेवतात आणि बराच वेळ पेंडिंग राहिलेल्या मोजक्या ऑर्डरींचीच स्थिती स्वतः विचारतात.

दोन्ही मार्ग फक्त बातमी आणतात. बँकेचा निर्णय ते लवकर लावू शकत नाहीत. तेव्हा पान पुन्हा पुन्हा ताजे करून ग्राहकाच्या हाती काही लागत नाही आणि घाईने दुसऱ्यांदा पैसे भरले, तर दोन्ही व्यवहार पूर्ण होण्याचा धोका असतो. दुकानाला पुष्टी मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे.